खाडीपलीकडच्या ट्रिपा आणि रो-कॉलमची बेरीज: ग्रॅव्हिटी मॉडेल बॅलन्स झालं म्हणजे बरोबर आलं का?

प्रश्न: सर, दापोली, गुहागर, चिपळूण असे तीन झोन घेऊन कुठून कुठे किती ट्रिपा जातात याचं एक्सेलमध्ये ग्रॅव्हिटी मॉडेल केलंय. रो जुळवल्या की कॉलम बिघडतात, कॉलम जुळवले की रो बिघडतात. असं किती वेळा करायचं? आणि शेवटी दोन्ही जुळलं तरी दापोली–गुहागर ट्रिपा दिवसाला दोन हजारच्या वर येतायत, गावातले लोक म्हणतात एवढी माणसं पलीकडे जातच नाहीत. बॅलन्सिंगमध्ये माझं काय चुकतंय?

उत्तर:

बॅलन्सिंगमध्ये तुमचं काहीच चुकत नाहीये. तुम्ही दापोली–गुहागरचा वेळ कुठून घेतला ते बघा. मला जवळजवळ खात्री आहे की नकाशावर सरळ रेघ मारून अंतर काढलंय आणि त्याला एका सरासरी स्पीडने भागलंय. दापोली ते गुहागर सरळ रेषेत साधारण ३० किमी, ताशी ४५ ने चाळीस मिनिटं. पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे ना. दाभोळपर्यंत खाली उतरायचं, जेटीवर फेरीबोटीची वाट बघायची, धोपाव्याला उतरून परत वर चढायचं, मग गुहागर. नाहीतर खेड-चिपळूणवरून भलामोठा वळसा. चाळीस मिनिटांत कोणीच पोचत नाही.

आता हे आकड्यांनी करून बघू. खालचे ट्रिपांचे आकडे आणि वेळ मी हिशोब समजावा म्हणून धरलेत, सर्व्हेचे नाहीत, तुमच्याकडचे वेगळे असतील. रोजच्या जायच्या आणि परत यायच्या ट्रिपा, घर ज्या झोनमध्ये आहे त्याच्या नावावर धरलेल्या, म्हणजे प्रॉडक्शन: दापोली ६,०००, गुहागर ४,०००, चिपळूण १०,०००. कामाच्या, शाळेच्या, बाजाराच्या ठिकाणी खेचल्या जाणाऱ्या म्हणजे अट्रॅक्शन: दापोली ४,०००, गुहागर ३,०००, चिपळूण १३,०००. दोन्हीकडे बेरीज २०,०००, आणि ती सारखी असायलाच पाहिजे. ती सारखी नसेल तर तुम्ही वर्षभर फेऱ्या मारल्या तरी जुळणार नाही. ते ओळखायची खूण अशी की रो जुळवल्यावर सगळे कॉलम एकाच प्रमाणात कमी किंवा एकाच प्रमाणात जास्त दिसत राहतात. तसं झालं तर अट्रॅक्शनला एका फॅक्टरने गुणून प्रॉडक्शनच्या बेरजेला आणायचं, कारण प्रॉडक्शन घरोघरच्या माहितीवरून येतं आणि बहुतेक वेळा तेच जास्त भरवशाचं असतं.

वेळ मिनिटांत असे धरू: स्वतःच्या झोनमध्येच १५, दापोली–चिपळूण ९०, गुहागर–चिपळूण ७५, आणि दापोली–गुहागर फेरीबोटीची वाट धरून १२०. वेळ वाढला की जाण्याची इच्छा कमी होते, ते exp(-0.03·c) ने दाखवू, c म्हणजे मिनिटांतला वेळ. म्हणजे १५ मिनिटांना ०.६३८, ७५ ला ०.१०५, ९० ला ०.०६७ आणि १२० ला ०.०२७. पूर्ण सूत्र असं:

```
T_ij = a_i · b_j · P_i · A_j · f(c_ij)
```

इथे T_ij म्हणजे i झोनच्या रोमधला j झोनचा सेल, P म्हणजे प्रॉडक्शन आणि A म्हणजे अट्रॅक्शन, दोन्ही तुमचे, f वेळेवरून आलेला, आणि a, b हे बॅलन्सिंगचे फॅक्टर, प्रत्येक रोला एक a, प्रत्येक कॉलमला एक b. तुम्ही रो-कॉलम जुळवत बसता तेव्हा खरं तर हे a आणि b शोधत असता, दुसरं काही नाही. दापोलीचा a ठरवायला सगळे b लागतात आणि चिपळूणचा b ठरवायला सगळे a लागतात, एकदम काढता येत नाहीत, म्हणून आलटून पालटून.

पहिली फेरी दापोलीच्या रोची करून दाखवतो. A गुणिले f: स्वतःकडे ४,००० × ०.६३८ = २,५५२, गुहागर ३,००० × ०.०२७ = ८१, चिपळूण १३,००० × ०.०६७ = ८७१. बेरीज ३,५०४. दापोलीचे ६,००० या प्रमाणात वाटले की दापोलीतच ४,३७०, गुहागरला १३९, चिपळूणला १,४९१. तसंच बाकी दोन रोंचं करा. मग कॉलम मांडले की दापोलीच्या कॉलमची बेरीज ४,८०० च्या आसपास येते, पाहिजेत ४,०००. गुहागर २,७५०, पाहिजेत ३,०००. चिपळूण १२,४५०, पाहिजेत १३,०००. म्हणून दापोलीचा कॉलम ०.८३ ने, गुहागरचा १.०९ ने, चिपळूणचा १.०४ ने गुणायचा. आता कॉलम अचूक, पण दापोलीची रो ६,००० ची ५,३५० झाली. ती १.१२ ने वर, गुहागरची ०.९४ ने खाली, चिपळूणची ०.९६ ने खाली. परत कॉलम बघा. हे जे तुम्हाला "बिघडतंय" असं वाटतंय ते बिघडणं नाही, प्रत्येक फेरीत चूक कमी होत जाते. दापोलीच्या कॉलममधली चूक फेरीगणिक अशी उतरते: ८००, ४२५, २२०, ११०, ५५, २७. साधारण दरवेळी निम्मी. दहा-बारा फेऱ्यांत एका ट्रिपच्या आत येते.

निम्मीच का, एकदम का नाही, तर दापोलीतून ६,००० बाहेर पडायचेत आणि दापोलीत ४,००० च यायचेत, म्हणजे निदान दोन हजार माणसं दुसऱ्या झोनकडे ढकलायला हवीत, आणि बाहेर जायच्या वाटा अरुंद आहेत, ०.०६७ आणि ०.०२७. प्रत्येक फेरीत थोडी थोडीच सरकतात. आपल्याकडे डोंगर आणि खाड्यांमुळे झोन एकमेकांपासून तुटलेले, त्यामुळे कोकणातल्या मॅट्रिक्सला सपाट प्रदेशातल्या शहरापेक्षा जास्त फेऱ्या लागतात असं माझं निरीक्षण आहे. घाबरायचं कारण नाही. फक्त मधेच आकडे राउंड करू नका, शेवटी करा. मधे राउंड केलं की गुहागर–दापोलीसारखे बारके सेल तिथेच अडकतात आणि चूक एका ठरावीक आकड्याखाली उतरतच नाही.

एक्सेलमध्ये शीटवर शीट कॉपी करण्यापेक्षा हे एवढंच करा:

```python
import numpy as np
P = np.array([6000, 4000, 10000.])
A = np.array([4000, 3000, 13000.])
c = np.array([[15,120,90],[120,15,75],[90,75,15.]])
T = A * np.exp(-0.03 * c)
for n in range(1, 101):
    T *= (P / T.sum(axis=1))[:, None]
    gap = abs(T.sum(axis=0) - A).max()
    print(n, round(gap, 1))
    if gap < 1: break
    T *= A / T.sum(axis=0)
print(T.round())
```

शेवटी येतं ते साधारण असं. दापोलीतून: दापोलीत ३,७३५, गुहागरला २१२, चिपळूणला २,०५३. गुहागरातून: दापोलीला ७५, गुहागरात २,३९०, चिपळूणला १,५३५. चिपळूणातून: दापोलीला १९०, गुहागरला ३९८, चिपळुणातच ९,४१२. रो जुळल्या, कॉलम जुळले. खाडीपलीकडच्या दोन्ही मिळून २८७.

आता तुमची सरळ रेघ घालू. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त १२० च्या जागी ४०, म्हणजे ०.०२७ च्या जागी ०.३०१. परत तेवढ्याच काळजीने बॅलन्स करा. दापोली–गुहागर १,२२८, गुहागर–दापोली ८३०, मिळून २,०५८. सात पट! आणि रो पण अचूक जुळल्या, कॉलम पण अचूक जुळले. बेरजा बघणाऱ्याला दोन्ही शीट सारख्याच निर्दोष दिसणार. तुमचे "दोन हजारच्या वर" हे बहुतेक इथूनच आलेत.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. चार सेल घ्या: दापोली-दापोली, गुहागर-गुहागर, दापोली-गुहागर, गुहागर-दापोली. पहिल्या दोघांचा गुणाकार भागिले शेवटच्या दोघांचा गुणाकार. सुरुवातीच्या f वर हा आकडा ०.६३८ × ०.६३८ भागिले ०.०२७ × ०.०२७, म्हणजे सुमारे ५५८. आता दापोलीची रो कशानेही गुणा, १.१२ ने म्हणा. वरचा एक सेल १.१२ पट झाला, खालचाही एक सेल १.१२ पट झाला, भागाकारात दोन्ही कटले. कॉलमचंही तेच. म्हणजे तुम्ही शंभर फेऱ्या मारा, हा ५५८ हलत नाही. पहिल्या फेरीनंतर काढा, शेवटी काढा, राउंडिंगचा फरक सोडला तर तोच. सरळ रेघेच्या शीटमध्ये तो ४.५ आहे, आणि शेवटपर्यंत ४.५ च राहतो.

म्हणजे कोण कोणाशी किती जोडलेलं आहे हे पूर्णपणे तुमच्या वेळेच्या मॅट्रिक्सने आणि ०.०३ ने आधीच ठरवलंय. बॅलन्सिंग त्याला हात लावत नाही, ते फक्त बेरजा बसवतं. खाडी जर तुमच्या वेळेत नसेल तर ती कुठल्याच फेरीत येणार नाही. ही पद्धत ट्रॅफिकवाल्यांची खास अशीही नाही, क्रुइटहोफने १९३७ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजमधल्या कॉलसाठी हेच केलं, १९४० मध्ये डेमिंग आणि स्टीफन यांनी अमेरिकेच्या जनगणनेच्या तक्त्यांसाठी, आणि आपल्या क्षेत्रात १९६५ मध्ये फर्नेसने, म्हणून आपण फर्नेस म्हणतो. सगळीकडे गुण एकच: आतली प्रमाणं जपायची आणि बाहेरच्या बेरजा जुळवायच्या. आतली प्रमाणं चुकीची असतील तर तीही तितक्याच इमानाने जपली जातात.

आता एक जास्त धोक्याची गोष्ट. बरेच जण म्हणतात बेरजा नाही तर सरासरी प्रवासवेळ तपासा, सर्व्हेशी जुळली की मॉडेल ठीक. वरच्या दोन्ही शीटची सरासरी काढा. बरोबर शीटची ३०.७ मिनिटं. चुकीच्या शीटची, तिच्याच चुकीच्या वेळेने, ३०.६. मी हा आकडा मुद्दाम जुळवलेला नाही, असाच आला, आणि म्हणूनच सांगतोय. खोट्या चाळीस मिनिटांच्या दोन हजार ट्रिपा घुसल्या, त्यांनी गावातल्या गावातल्या पंधरा मिनिटांच्या काही ट्रिपा खाल्ल्या आणि चिपळूणच्या लांबच्या काही खाल्ल्या, सरासरी जागच्या जागी. म्हणून एकट्या सरासरीवर कधी विसंबू नका. ट्रिपांची वेळेनुसार वाटणी काढा, किती टक्के २० मिनिटांच्या आत, किती ३० ते ५० मध्ये, किती ८० च्या वर. चुकीच्या शीटमध्ये चाळीस मिनिटांपाशी दहा टक्क्यांचा उंचवटा दिसेल, आणि या तीन झोनमध्ये असा कुठलाही खरा रस्ता नाही जो चाळीस मिनिटांचा आहे. तो उंचवटा म्हणजेच खाडी हरवल्याची खूण.

हे मी स्वतः उशिरा शिकलो. राजपुरीच्या खाडीजवळच्या एका अभ्यासात मुरूड आणि श्रीवर्धन यांच्यात इतक्या ट्रिपा दाखवल्या होत्या की आगरदांडा–दिघीच्या बोटीत मावल्याच नसत्या. रिपोर्टमध्ये "बॅलन्सिंग एक टक्क्याच्या आत" असं ठळक लिहिलेलं, आणि तपासणाऱ्याने तेवढंच वाचून पुढे पाठवलेलं. मीही तेव्हा सही करणाऱ्यांत होतो आणि बोटीवर जाऊन दोन तास उभं राहायचं मला सुचलं नव्हतं.

तुमच्याकडे उलट फार चांगली सोय आहे. रस्त्यांच्या जाळ्यात नदी ओलांडायचे दहा पूल असले की मोजणी अवघड. वाशिष्ठीच्या खाडीला मुखाजवळ गाडीसकट ओलांडायची एकच जागा आहे, दाभोळ–धोपावे. तिथे मोजलंत की मॉडेलचा तो सेल थेट तपासता येतो. पण मोजताना काही गोष्टी सांभाळा. मे महिन्यात, गणपतीत किंवा शिमग्याला मोजू नका, तेव्हा मुंबईहून आलेले चाकरमानी आणि पर्यटक असतात, त्यांच्या ट्रिपा तुमच्या तीन झोनच्या आतल्या नाहीतच, त्या बाहेरून येणाऱ्या म्हणून वेगळ्या धरायच्या. साधा मधला वार घ्या, मंगळवार ते गुरुवार. गाड्या नाही, माणसं मोजा, मॉडेल माणसांच्या ट्रिपांचं असेल तर. आणि दोन्ही दिशा मिळवा, कारण २१२ आणि ७५ हे "तिकडे जाणारे" आणि "इकडे येणारे" नाहीत. २१२ म्हणजे ज्यांचं घर दापोलीकडे आहे त्यांच्या जायच्या आणि परत यायच्या दोन्ही ट्रिपा. दिवसभरात दोन्ही दिशांना सारखेच, साधारण १४३-१४४, असं ते उघडतं. यात मोठी गल्लत होते.

जेटीवर प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारा, कुठून निघालात आणि कुठे चाललात. हे फार गरजेचं आहे, कारण तुमचे झोन तालुक्याएवढे मोठे आहेत. दाभोळचा माणूस पलीकडे धोपाव्याला किंवा अंजनवेलला कामाला जातो, त्याच्यासाठी खाडी म्हणजे जेटीपर्यंत चालणं आणि बोटीतली थोडी मिनिटं, १२० नाही. मॉडेलमध्ये तो दापोली झोनच्या मध्यबिंदूपासून गुहागर झोनच्या मध्यबिंदूपर्यंत दोन तास प्रवास करतोय. म्हणजे माझे १२० सुद्धा त्याच्यापुरते चूकच आहेत, उलट्या बाजूला. मोजणी २८७ पेक्षा बरीच जास्त निघाली आणि त्यातले बहुतेक काठावरचेच निघाले, तर ०.०३ ला हात लावू नका, आणि दापोली–गुहागर सेलला अंदाजाने एखाद्या फॅक्टरने फुगवूही नका. दाभोळ परिसर आणि धोपावे-अंजनवेल परिसर असे दोन बारके झोन वेगळे काढा. पाच झोन झाले, वेळेचा मॅट्रिक्स पाच बाय पाच, कोड तोच.

झोनच्या आतल्या १५ मिनिटांकडेही एकदा बघा, या तिन्ही झोनमध्ये मिळून तीन चतुर्थांशहून जास्त ट्रिपा त्याच सेलमध्ये आहेत. हा आकडा लोक सवयीने टाकून देतात. एक चालणारा उपाय म्हणजे सर्वांत जवळच्या शेजारी झोनच्या वेळेचा निम्मा घ्यायचा, पण आपल्याकडे शेजारी झोन खाडीपलीकडे असला किंवा ७५ मिनिटांवर असला तर तो निम्मा ३७ येतो आणि बाजारपेठेतल्या माणसाला हास्यास्पद लांब पडतो. त्यापेक्षा झोनमधल्या चार-पाच वाड्यांपासून बाजारापर्यंतचा एसटीचा आणि दुचाकीचा वेळ विचारून सरासरी घ्या.

वेळ नीट बसल्यावरच ०.०३ कडे वळा. सर्व्हेतली सरासरी मॉडेलपेक्षा कमी असेल तर तो वाढवा, जास्त असेल तर कमी करा, दर बदलानंतर परत शेवटपर्यंत बॅलन्स करा, आणि दरवेळी ती वेळेनुसारची वाटणी सर्व्हेच्या वाटणीवर ठेवून बघा. आधी ०.०३ बदलत बसलात तर तो खाडीची चूक स्वतःच्या अंगावर घेतो आणि चिपळूणकडच्या ट्रिपा उगाच बिघडवतो.

फेरीबोटीचा वेळ काढताना वेळापत्रकातल्या दोन फेऱ्यांमधल्या अंतराचा निम्मा भाग थांबण्याचा धरा, बोट भरून निघते म्हणून अजून थोडा वर, आणि जेटीवर थांबलेला वेळ लोकांना प्रवासातल्या वेळेपेक्षा जड वाटतो, त्यामुळे तो दीडपट ते दुप्पट करून मिळवायची पद्धत आहे. सगळं धरून तुमच्या शीटमध्ये १२० ऐवजी ११० आले की १३०, ते आधी जेटीवर उभं राहून ठरवा. १३० असेल तर f ०.०२० होतो, म्हणजे एक चतुर्थांशाने कमी, आणि खाडीपलीकडच्या ट्रिपाही जवळपास तेवढ्याच उतरतात.